साइड स्टँडवरची बाइक ओल्या मातीत आणि उतारावर कशी उभी करावी

प्रश्न: माझी बाइक साधारण 180 किलोची आहे, डबल स्टँड नाही, फक्त साइड स्टँड. रात्री घराबाहेर मातीच्या जागेत लावतो. जागा रस्त्याकडे थोडी उतरती आहे आणि सकाळी पटकन निघता यावं म्हणून तोंड रस्त्याकडेच करून ठेवतो. पावसाच्या रात्री स्टँड रुतून गाडी डावीकडे पडली. मग स्टँडखाली वीट ठेवायला लागलो, तर दोन दिवसांनी उजवीकडे पडली. नेमकं काय चुकतंय?

उत्तर:

पडलेली गाडी गॅरेजमध्ये आली की मी आधी एकच गोष्ट बघतो, ती कुठल्या अंगावर पडली. क्लचची लिव्हर वाकलीय, गिअरचा पेडल आत दबलाय, म्हणजे डावीकडे पडली: स्टँड रुतला किंवा गाडी पुढे सरकून स्टँड मिटला. ब्रेकची लिव्हर आणि उजवा आरसा गेलाय, म्हणजे गाडी जरुरीपेक्षा सरळ उभी होती आणि कशाने तरी पलीकडे ढकलली गेली. तुमच्याकडे दोन्ही प्रकार झालेत. पहिल्यावर केलेला उपायच दुसऱ्याचं कारण आहे, म्हणून दोन्ही एकत्रच समजून घेऊ.

साइड स्टँडवर गाडी तीन ठिकाणी टेकते: पुढचा टायर, मागचा टायर आणि स्टँडचा पाय. सपाट, कडक जमिनीवर ती डावीकडे साधारण 10 अंश कललेली असते. त्या कलण्यामुळे गाडीचा गुरुत्वमध्य दोन्ही चाकांना जोडणाऱ्या रेषेच्या थोडा डावीकडे येतो. आपल्या हिशेबासाठी 8 सेंमी धरू. स्टँडचा पाय त्याच रेषेपासून 32 सेंमी लांब आहे असं समजा. मग पायावर येणारा भार 180 गुणिले 8 भागिले 32, म्हणजे 45 किलो. गाडीगणिक हे आकडे थोडे बदलतील, पण एकूण वजनाच्या चौथ्या हिश्शाच्या आसपास भार त्या छोट्या लोखंडी चकतीवर असतो, हे लक्षात ठेवायला पुरे.

ही चकती बहुतेक गाड्यांना 4 बाय 5 सेंमीपेक्षा फार मोठी नसते. म्हणजे 20 चौरस सेंटिमीटरवर 45 किलो, दर चौरस सेंटिमीटरला सव्वादोन किलो. टायरचा जमिनीवरचा दाब साधारण आतल्या हवेच्या दाबाइतका, म्हणजे दोन किलोच्या आसपास असतो. म्हणजे दाबात दोघांमध्ये फारसा फरक नाही. मग टायर का रुतत नाही आणि स्टँडच का रुततो? टायर जरा खाली गेला की त्याची गोलाई मातीला टेकते, टेकणारी जागा वाढते आणि तो थांबतो. स्टँडच्या पायाचं तसं होत नाही. तो कितीही खाली गेला तरी तेवढाच राहतो. उलट गाडी जास्त कलली की चकती सपाट न टेकता एका कडेवर टेकते, आणि तोच भार एका बारीक पट्टीवर येतो.

खरी गंमत याच्या पुढे आहे. समजा पाय अडीच सेंमी खचला. 32 सेंमीच्या अंतरावर अडीच सेंमी म्हणजे गाडी आणखी साडेचार अंश कलते, आणि गुरुत्वमध्य 8 वरून साडेअकरा सेंमीच्या पुढे जातो. आता पायावरचा भार 45 नाही, 65 किलो झाला. जी माती 45 किलोला दबत होती, तिच्यावर आता 65 किलो आहेत. ती आणखी दबते, भार आणखी वाढतो. म्हणून रुतणं सुरुवातीला सावकाश आणि शेवटी एकदम होतं. संध्याकाळी तुम्ही बघितलंत तेव्हा गाडी ठीक उभी होती, ते खोटं नव्हतं. माती कोरडी असताना तो भार पेलत होती. पाऊस पडून ती भिजली, पहिला सेंटिमीटर गेला आणि पुढचं काम गाडीच्या वजनानेच केलं. त्यामुळे रात्रभर गाडी ठेवायची असेल तर जमीन आत्ता किती कडक आहे हे बघून उपयोग नाही. ती भिजल्यावर किती कडक राहील ते धरून लावायची.

आता वीट. आडवी ठेवलेली वीट साधारण 7 सेंमी जाड असते. ती मातीत थोडी दबून 4 सेंमी वर राहिली असेल. पाय 4 सेंमीने उचलला गेला की गाडी 7 अंशांनी सरळ होते. म्हणजे 10 अंशांचं कलणं आता 3 अंशांवर आलं आणि गुरुत्वमध्य चाकांच्या रेषेपासून जेमतेम सव्वादोन सेंमीवर. सपाट जागी नीट लावलेली ही गाडी एक मीटर उंचीवर हँडलला धरून उजवीकडे ढकलायची तर सुमारे 14 किलोचा जोर लागतो. विटेवर ठेवलेलीला 4 किलो पुरतात. जोराचा वारा, अंगावर घातलेल्या कव्हरमध्ये भरलेली हवा, जाता जाता लागलेला कुणाचा धक्का, यातलं काहीही चालतं. वर उतार जरा उजवीकडे असेल तर तेवढंही लागत नाही.

म्हणून स्टँडखाली जे ठेवायचं ते रुंद आणि पातळ हवं. 12 मिमी जाडीचा प्लायवूडचा 15 बाय 15 सेंमीचा तुकडा घ्या. जमिनीला टेकणारी जागा 20 वरून 225 चौरस सेंटिमीटर झाली, दाब अकरा पटींनी उतरला, आणि गाडी फक्त दोन अंशांनी सरळ झाली. दोन अंश चालतात. यात एकच अट आहे: तुकडा वाकता कामा नये. पातळ प्लास्टिकची झाकणं, पुठ्ठा, चेपलेला पत्र्याचा डबा हे मध्ये दबतात आणि कडा वर येतात, मग रुंदी नुसती दिसायला राहते. चेपलेला डबा वाटेत अर्ध्या तासासाठी ठीक आहे, रात्रीसाठी नाही. गुळगुळीत स्टीलची प्लेटही मला आवडत नाही. ओली झाली की स्टँडचा लोखंडी पाय तिच्यावरून घसरतो. ठेवायचीच असेल तर तिला उभी कड हवी किंवा पाय बसेल असा खळगा हवा. प्लायला एक भोक पाडून लांब दोरी बांधा आणि तिचं दुसरं टोक हँडलला अडकवा. सकाळी गाडीवर बसल्या बसल्या तुकडा ओढून घेता येतो, आणि मुख्य म्हणजे तो तिथेच विसरला जात नाही.

स्टँडच्या पायाला कायमची मोठी प्लेट बोल्ट करून मिळते. ज्याला वारंवार कच्च्या जागेत थांबावं लागतं त्याच्यासाठी ती चांगली. बसवल्यावर मात्र स्टँड पूर्ण मिटवून बघा, प्लेट चेनला, सायलेन्सरला किंवा गिअरच्या पेडलला लागत नाही ना. डाव्या वळणावर गाडी झुकवल्यावर आधी ती जमिनीला घासेल एवढी खालीही यायला नको. आणि तिचे स्क्रू अधूनमधून आवळत चला, कंपनाने ते सुटतात.

तुमची जागा रोजची आहे, त्यामुळे तुम्हाला मी प्लायपेक्षा वेगळं सांगेन. जिथे स्टँडचा पाय येतो तिथे हातभर रुंद आणि वीतभरापेक्षा जरा कमी खोल खड्डा करा. त्यात मुरूम किंवा खडी भरून, पाणी मारून, चांगली धुमसून घ्या आणि वर 30 बाय 30 सेंमीची फरशी अशी बसवा की तिचा वरचा पृष्ठभाग जमिनीशी समतल राहील. वर राहिली तर विटेसारखंच होईल. खाली राहिली तर पाणी साचेल. चाकं येतात तिथेही मुरूम दाबून घ्या. हे बरेच जण सोडून देतात आणि मग वेगळीच अडचण येते: फरशी जागची हलत नाही, पण भिजलेल्या मातीत टायर दोन सेंमी खाली जातात. स्टँड आहे तिथेच आणि चाकं खाली, म्हणजे गाडी साडेतीन अंशांनी सरळ झाली. रुतण्याचा उपाय केला आणि गाडी पुन्हा उजवीकडे गेली, असं त्यातून होतं.

बाहेर कुठे अनोळखी जागी लावताना जमीन तपासायला टाच पुरते. जिथे स्टँडचा पाय येणार तिथे एका पायाच्या टाचेवर पूर्ण वजन टाकून उभे राहा. टाचेचा दाब स्टँडच्या दाबाच्या जवळपास असतो. टाच सेंटिमीटरभर आत गेली तर खाली काहीतरी ठेवल्याशिवाय तिथे गाडी सोडू नका. गवतावर ही चाचणी हटकून करा, कारण मुळांची जाळी वरून घट्ट लागते आणि खाली चिखल असू शकतो. सुट्या खडीत पाय दगड बाजूला सारत आत जातो. तिथे बुटाने खडी खरवडून खालचा कडक थर मोकळा करा आणि पाय त्यावर टेकवा. टाचेची चाचणी फसते ती उन्हात तापलेल्या डांबरावर. डांबर घटकाभर दाब सहन करतं आणि तासाभरात हळूहळू सोडून देतं. अशा जागी नीट बघितलंत तर आधीच्या गाड्यांच्या स्टँडची छोटी छोटी चौकोनी भोकं दिसतात. ती दिसली की आणखी काही तपासायची गरज नाही, तुकडा ठेवा.

आता उतार, जो माझ्या मते तुमच्याकडे जास्त धोक्याचा आहे, फक्त अजून त्याने दणका दिलेला नाही.

साइड स्टँड उघडताना पुढे जातो आणि मिटताना मागे. गाडी पुढे सरकली तर पाय जमिनीवर जागच्या जागी राहतो, म्हणजे गाडीच्या मानाने मागे जातो, आणि मागे जाणं म्हणजेच मिटणं. गाडी मागे सरकू पाहत असेल तर हाच स्टँड पुढच्या अडणीवर आणखी घट्ट बसतो. म्हणून नियम एकच: तोंड चढाकडे. तुम्ही तोंड उताराकडे ठेवता. गाडी न्यूट्रलमध्ये राहिली तर एखाद्या धक्क्याने पाऊण फूट पुढे जाईल आणि स्टँड मिटून डाव्या अंगावर आडवी होईल. सकाळी निघताना गाडी मागे घ्यायचे दोन मिनिटांचे कष्ट वाचतात म्हणून हा धोका घेण्यात मला काही शहाणपण दिसत नाही.

चढाकडे तोंड करून उभी करताना पायऱ्या अशा. पुढचा ब्रेक दाबून थांबा. क्लच दाबून पहिला गिअर टाका आणि इंजिन बंद करा. क्लच सोडा. आता ब्रेक हळूहळू सैल करा. गाडी दोन-चार इंच मागे येईल आणि ठक्कन अडेल. चेन आणि गिअरमधला सैलपणा संपला आणि आता मागचं चाक इंजिनच्या कॉम्प्रेशनवर धरलं गेलं, असा त्याचा अर्थ. हे न करता बरेच जण गिअर टाकून लगेच उतरतात. मग ते दोन-चार इंच गाडी स्टँडवर असताना सरकते आणि स्टँडचा पाय घासत जागा सोडतो. गाडी अडली की स्टँड पायाने पूर्ण पुढे ढकला, अडणीला लागल्याचा आवाज यायला हवा, आणि मग गाडी त्याच्यावर टेकवा. हँडल पूर्ण डावीकडे वळवा. ते नुसतं लॉक करण्यासाठी नाही. हँडल डावीकडे वळलं की पुढच्या टायरची टेकण्याची जागा जराशी उजवीकडे सरकते आणि तीन टेकूंचा त्रिकोण रुंदावतो. उजवीकडे वळवलं तर याच्या उलट होतं.

कॉम्प्रेशन मात्र कायमचं कुलूप नव्हे. सिलिंडरमधली दाबलेली हवा हळूहळू निसटते, आणि चढ तीव्र असेल, इंजिन एका सिलिंडरचं आणि जुनं असेल, तर रात्रभरात गाडी एक एक हिसका घेत मागे येऊ शकते. अशा ठिकाणी मागच्या चाकाला मागून दगड किंवा लाकडाची पाचर लावा. ऑटोमॅटिक स्कूटरला तर हे हवंच. तिचा क्लच इंजिन फिरत असतानाच पकड घेतो, बंद स्कूटरचं मागचं चाक नेहमी मोकळं असतं. तिला पार्किंग ब्रेक असेल तर तो लावा. नसेल तर ब्रेकची लिव्हर पट्ट्याने हँडलला आवळून बांधा आणि चाकाला पाचरही द्या.

आडवा उतार, म्हणजे डावीकडे किंवा उजवीकडे पडणारा, लोक सहज विसरतात. बारा फुटांत एक फूट उतरणारी जमीन जवळपास 5 अंशांची असते, आणि डोळ्यांना ती फारशी जाणवतही नाही. हा उतार उजवीकडे असेल तर तुमचं 10 अंशांचं कलणं 5 वर येतं, तोल निम्मा राहतो. डावीकडे असेल तर कलणं 15 अंश होतं आणि पायावर सुमारे 67 किलो येतात. कडक जमिनीवर डावीकडचा उतार चालून जातो, सकाळी गाडी उचलायला जोर लागतो इतकंच. ओल्या मातीत दोन्ही वाईट. गाडी तिरकी फिरवून तोंड थेट चढाकडे केलं की आडवा उतार जवळजवळ संपतो. डाव्या-उजव्यात अडून बसण्यापेक्षा हे सोपं. रस्त्याच्या कडेला लावतानाही मधला भाग उंच आणि कडा खाली असतात, म्हणून मागचं चाक कडेच्या दगडाला टेकवून तोंड रस्त्याकडे ठेवलं की चढ आणि मागचा अडसर दोन्ही आयते मिळतात.

लावून झाल्यावर एक चाचणी: डाव्या बाजूला उभे राहून हँडलला दोन बोटांनी उजवीकडे दाबा. गाडी सहज उठायला लागली तर ती फार सरळ आहे, जागा किंवा दिशा बदला. मग दहा-पंधरा मिनिटांनी परत येऊन स्टँडच्या पायाकडे बघा. त्याभोवती मातीची कड उचलली गेली असेल, किंवा चकतीचा वरचा भाग आधी दिसत होता आणि आता मातीच्या पातळीला आला असेल, तर रुतणं सुरू झालंय.

सामानाचं एक सांगतो, कारण प्रवासात गाड्या पडतात त्या बऱ्याचदा यामुळे. मागे जड सामान बांधलं की मागचं सस्पेन्शन दबतं, गाडी खाली बसते, पण स्टँडची लांबी तीच राहते. म्हणून भरलेली गाडी स्टँडवर जास्त सरळ उभी राहते. रिकामी गाडी लावून तिच्यावर सामान चढवत गेलात तर ती हळूहळू उजवीकडे येते, आणि शेवटची बॅग ठेवताना जाते. त्या वेळी डाव्या बाजूला उभं राहून काम करू नका, उजवीकडे उभे राहा, म्हणजे ती येतेय हे हाताला आधी कळतं. सामान उतरवल्यावर उलट होतं, सस्पेन्शन वर येतं आणि गाडी आणखी डावीकडे कलते. तेव्हा खालची जमीन पुन्हा एकदा बघा. आणि स्टँडवर असताना गाडीवर बसून गप्पा मारू नका. तुमचं वजनही त्याच तीन टेकूंवर जातं आणि त्यातला एक हिस्सा मातीतल्या पायावर.

तुमच्या जागेपुरतं सांगायचं तर: तोंड फिरवून भिंतीकडे म्हणजे चढाकडे करा, पहिल्या गिअरमध्ये सैलपणा काढून ठेवा, मागच्या चाकाला पाचर द्या. फरशी बसवेपर्यंत प्लायचा तुकडा वापरा, वीट आजच काढा. तिथे पावसाचं पाणी वाहून जाण्याची ओघळ असेल तर गाडी तिच्यापासून हातभर बाजूला घ्या, कारण ओघळ चकतीखालची माती धुऊन नेते.

स्टँड स्वतःही एकदा तपासा. गाडी सरळ धरून स्टँडचा पाय बाजूला हलवून बघा. वरच्या बोल्टाशी खटखट जाणवली तर बोल्ट किंवा बुश झिजलंय, आणि गाडी तेवढी जास्त कलते. दोनदा पडलेल्या गाडीत स्टँड किंचित वाकलेला असण्याचीही शक्यता आहे. तो तापवून सरळ करण्यापेक्षा बदललेला बरा.

आणि स्टँड पुन्हा कधी रुतलाच, तर गाडी तशीच पुढे ओढू नका. आधी दोन्ही हातांनी हँडल आणि सीटमागची पकड धरून गाडी पूर्ण सरळ करा, मगच पाय मातीतून निघेल. निघाल्यावर बोल्टाभोवतीचा चिखल धुऊन टाका. सुकलेला चिखल स्प्रिंगला स्टँड पूर्ण मिटवू देत नाही, आणि ज्या गाड्यांना स्टँडचा स्विच असतो त्यांत तो अडकला की गिअर टाकताच इंजिन बंद पडतं. तुमच्या गाडीत ते सुरू झालं तर बॅटरी किंवा कार्ब्युरेटर तपासण्याआधी तो स्विच पुसून बघा.